घेईल तेवढे परत देणारी भिंत

खोपटच्या एस.टी. डेपोवरून पूर्व द्रुतगती मार्ग ओलांडला की वागळे इस्टेट सुरू होते. 1962 साली एमआयडीसीची स्थापना झाली आणि तिची पहिली औद्योगिक वसाहत इथे उभी राहिली. मोठे कारखाने गेले, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. तरी छोट्या गाळ्यांमध्ये लोखंड तापवण्याची कामे चालतात. अशा एखाद्या हीट ट्रीटमेंटच्या गाळ्यात भट्टीचा दरवाजा क्षणभर उघडला, तर नवख्या माणसाला एक गोष्ट खटकते. आत ठेवलेला जॉब काळपट लाल असतो आणि आजूबाजूच्या विटांच्या भिंती त्याच्याहून कितीतरी उजळ. भिंतीत तर एकही कॉइल नसते! कॉइल वर छतात. मग भिंत एवढी तापली कशाने, आणि तापून ती करते काय?

काही भट्ट्यांत कॉइल बाजूच्या भिंतींतच बसवलेल्या असतात. त्यांचा हिशोब वेगळा. इथे विचार छतात कॉइल, तळाला जॉब आणि चारही बाजूंनी नुसत्या विटा असलेल्या भट्टीचा. अशा भट्टीत तीन पृष्ठभाग एकमेकांकडे तोंड करून असतात. छत उष्णता देते, जॉब ती घेतो. भिंतीला बाहेरून कुणी उष्णता देत नाही, आणि पाठीमागे इन्सुलेशन चांगले असेल तर तिच्यातून फारशी बाहेरही जात नाही. म्हणून जेवढे किरण तिच्यावर पडतात तेवढीच ऊर्जा तिला परत सोडावी लागते. ती कमिशन न घेणारी दलाल असते. व्यवहार तिच्या हातून होतो, तिच्याकडे शिल्लक काही राहत नाही. अभियांत्रिकीच्या पुस्तकांत तिला रीरेडिएटिंग भिंत म्हणतात.

हा व्यवहार किती मोठा असतो ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. समजा भट्टीची आतली पोकळी प्रत्येक बाजूने 1 मीटर आहे. कॉइलचे छत 1027 अंश सेल्सिअसला, म्हणजे 1300 केल्विनला. तळ झाकणाऱ्या पोलादी प्लेटा 627 अंशांना, म्हणजे 900 केल्विनला. दोन्हींची एमिसिव्हिटी, म्हणजे किरण सोडण्याची क्षमता, 0.8 धरू, गंज-पापुद्रा चढलेल्या पोलादाला हा आकडा शोभतो. घनाकृती पोकळीत छतातून निघालेल्या किरणांपैकी फक्त 20 टक्के थेट तळावर पोहोचतात. उरलेले 80 टक्के भिंतींवर आपटतात.

1956 साली ए. के. ओपेनहाइम यांनी अशा हिशोबासाठी विजेच्या सर्किटची रीत मांडली. तापमानाचा चौथा घात हा व्होल्टेज, उष्णता हा करंट आणि वाटेतले अडथळे म्हणजे रेझिस्टन्स. छताच्या आणि जॉबच्या पृष्ठभागाचा अडथळा प्रत्येकी 0.25. मधल्या पोकळीत दोन वाटा समांतर आहेत: थेट वाटेचा अडथळा 1/0.2, म्हणजे 5. भिंतीमार्गे वाटेचा 1/0.8 अधिक 1/0.8, म्हणजे 2.5. समांतर जोडून 1.67 उरतात आणि एकूण अडथळा 2.17 होतो.

Q = 5.67×10⁻⁸ × (1300⁴ − 900⁴) / 2.17

उत्तर सुमारे 57 किलोवॅट. भिंतीची वाट हिशोबातून काढून फक्त थेट वाट ठेवली, तर तेच उत्तर 23 किलोवॅटवर येते. पोकळीतून जाणाऱ्या उष्णतेचा दोन तृतीयांश भाग, म्हणजे सुमारे 38 किलोवॅट, ज्या भिंतीत एकही कॉइल नाही तिच्या मार्गाने जातो.

या सर्किटमध्ये एक मजेशीर जागा आहे. छताला आणि जॉबला एमिसिव्हिटीचा अडथळा लागला, भिंतीला लागलाच नाही. भिंतीत निव्वळ करंट शून्य असल्यामुळे तिच्या पृष्ठभागाच्या अडथळ्यावर व्होल्टेज पडतच नाही. भिंत काळी असो की पांढुरकी, उत्तर तेच. ती किरण शोषून पुन्हा सोडते की नुसते परतवते, याने जॉबला फरक पडत नाही. त्यामुळे भिंतीला जास्त एमिसिव्हिटीचा लेप लावा आणि वीज वाचवा असे कुणी सांगितले, तर विजेच्या भट्टीवाल्याने आधी हे गणित समोर ठेवावे. गॅसच्या भट्टीत मात्र प्रश्न इतक्यावर मिटत नाही. ज्वाळेचे वायू ठरावीक तरंगलांबींचेच किरण सोडतात आणि तेच पुन्हा शोषतात; भिंत ते शोषून इतर तरंगलांबींत सोडू लागली, तर वायूला चुकवून जॉबपर्यंत जास्त पोहोचू शकतात. तिथे लेपाला काही अर्थ असू शकतो.

भिंतीचे तापमानही याच सर्किटमधून निघते. छत आणि जॉबची एमिसिव्हिटी सारखी आणि आकारही सारखा असल्यामुळे भिंतीचा चौथा घात बरोबर दोघांच्या सरासरीइतका येतो. त्यातून भिंत 1151 केल्विन, म्हणजे 878 अंशांवर बसते. साध्या सरासरीने 827 आले असते. चौथा घात तिला वर ओढतो. गाळ्यात चूक नेमकी इथे होते. थर्मोकपल भिंतीतून थोडे आत डोकावत असते आणि बव्हंशी भिंतीच्या आसपासचे तापमान दाखवते. पॅनेलवर 878 आणि जॉब अजून 627 वर. जॉब 927 अंशांवर पोहोचेल आणि छत तसेच राहील, तेव्हा भिंत 980 असेल. अंतर 250 वरून 53 अंशांवर आलेले, पण संपलेले नाही. म्हणून पॅनेलवरचा आकडा गाठला की सोकिंगची वेळ मोजायला लागणारा कारागीर घाई करत असतो. आणखी दोन खुणा पाहाव्या लागतात. छत त्याच तापमानाला ठेवूनही करंट उतरत जातो, कारण जॉब कमी घेऊ लागतो. वरच्या उदाहरणात 57 किलोवॅटवरून 20 वर. दुसरी खूण डोळ्यांची: जॉबच्या कडा दिसेनाशा होतात. आत सगळे एकाच तापमानाला आले की पोलाद आणि वीट यांच्यातला उजेडाचा फरकच मिटतो. कड ठळक दिसत असेल तर जॉब मागे आहे.

भिंत पूर्ण प्रामाणिक दलाल असते, हे अर्थात गृहीतक आहे. मुळात चारही भिंतींना एकच तापमान धरले आहे. खरे तर छताजवळचा पट्टा तळाजवळच्या पट्ट्याहून गरम असतो. पाठीमागून गळतीही होते. 200 मिलिमीटर सिरॅमिक फायबर असेल तर बाहेरचा पत्रा साधारण 95 अंशांवर जातो आणि चार भिंतींतून 3 किलोवॅट निसटतात. त्यांच्या मार्गाने जाणाऱ्या 38 समोर ही रक्कम किरकोळ, म्हणून गृहीतक चालून जाते. दरवाजात 30 सेंटिमीटर चौरस भोक उघडे राहिले, तर मात्र त्या एकट्यातून 9 किलोवॅट बाहेर पडतात. सगळ्या भिंतींच्या गळतीच्या तिप्पट! निखळलेली दोरी आणि वाकलेला दरवाजा यांची दुरुस्ती लेपाच्या आधी का, हे त्यातून कळते.

आणि सोमवारी सकाळी तर हे सूत्र लागूच पडत नाही. रविवारभर थंड झालेली भिंत आधी स्वतः उष्णता पिते. वरच्याच मापाच्या चार भिंती 230 मिलिमीटर दाट फायरब्रिकच्या असतील तर त्यांचे वजन दोन टनांच्या आसपास जाते आणि कामाच्या तापमानाला येईपर्यंत त्या ढोबळमानाने 230 युनिट वीज गिळतात. फायबरच्या ब्लँकेटचे अस्तर त्याच कामाला पंधराएक युनिटांत तयार होते. ज्या गाळ्यात भट्टी दिवसरात्र चालते तिथे दाट विटेचा हा खर्च एकदाच येतो. जिथे ती रोज संध्याकाळी बंद होते तिथे तो रोज सकाळी मीटरवर चढतो.