‘ब्लूटूथ चालत नाही’ एवढ्यावर भागत नाही

गाडीच्या स्क्रीनचं सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि त्यानंतर फोन जोडलाच जाईना, अशी तक्रार घेऊन गेलं की सर्व्हिस सेंटरमध्ये एक उत्तर हमखास मिळतं: “सर, प्रॉब्लेम तुमच्या फोनचा आहे.” पंचाईत अशी, की हे उत्तर कधीकधी खरंही असतं. म्हणून डीलरला पाठवायच्या ईमेलमध्ये रागापेक्षा दोष कुणाकडे आहे याचा पुरावा हवा, आणि तो घरच्या घरी गोळा करता येतो.

फोन आणि गाडी पहिल्यांदा जोडताना दोन्ही स्क्रीनवर बहुधा सहा अंकी आकडा येतो. आपण ‘होय’ म्हणतो आणि दोन्ही यंत्रं एक गुप्त किल्ली तयार करून आपापल्या मेमरीत ठेवतात. पुढे रोज आकडा विचारला जात नाही, कारण किल्ली जुळते. अपडेटमध्ये गाडीकडची किल्ली पुसली गेली, तर फोन मात्र जुनीच किल्ली घेऊन दारात उभा राहतो. गाडी ओळख देत नाही आणि फोनवर ‘जोडता आले नाही’ एवढंच दिसतं.

उपाय सोपा, पण अर्धवट केला जातो. बहुतेकजण फोनच्या यादीतून गाडीचं नाव काढतात आणि गाडीच्या यादीतून फोनचं नाव काढायला विसरतात. दोन्हीकडून काढायचं, दोन्ही यंत्रं बंद करून सुरू करायची आणि मग नव्याने जोडायचं. गाडीची यादी भरलेली असेल तर जुने फोनही काढून टाकावेत, कारण तिथे मोजक्याच फोनना जागा असते.

एवढं करूनही जमलं नाही, तर दोन चाचण्या घ्या. घरातला दुसरा फोन या गाडीशी जोडून पाहा आणि आपला फोन दुसऱ्या गाडीशी. एकही फोन या गाडीशी जुळत नसेल आणि आपला फोन इतरत्र नीट चालत असेल, तर बोट गाडीकडे जातं. फक्त आपलाच फोन अडत असेल, तर निष्कर्ष इतका सरळ नाही. गाडीच्या नव्या सॉफ्टवेअरचं त्या एका मॉडेलशीही बिनसू शकतं. आणखी एक गोष्ट तपासावी: फोनचं स्वतःचं अपडेट कधी झालं? फोन रात्रीतून अपडेट होतात. दोन्ही अपडेट एकाच आठवड्यात झाली असतील, तर ‘गाडीच्या अपडेटनंतरच बिघडलं’ हा दावा लंगडा पडतो.

आता पत्र. समजा, १२ जूनला सर्व्हिसिंगच्या वेळी अपडेट झालं. मग मजकूर असा:

“विषय: १२ जूनच्या सॉफ्टवेअर अपडेटनंतर फोन जोडला जात नाही – गाडी क्रमांक …

मा. सर्व्हिस मॅनेजर, आपल्याकडे अपडेट करून घेतल्यापासून फोन जोडताना गाडीच्या स्क्रीनवर सहा अंकी आकडाच येत नाही. दोन्हीकडील जुनी नोंद काढून पुन्हा प्रयत्न केला. वेगळ्या कंपनीचा दुसरा फोनही जोडला जात नाही. माझा फोन दुसऱ्या गाडीशी जोडला जातो, आणि त्याचं शेवटचं अपडेट मे महिन्यात झालं आहे. सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा फोटो आणि बिघाडाचा व्हिडिओ सोबत आहे. कृपया ही तक्रार जॉब कार्डवर नोंदवावी, कंपनीकडे पाठवावी आणि तिचा क्रमांक मला लेखी कळवावा.”

‘आकडाच येत नाही’ हे वाक्य मुद्दाम आहे. आकडा न येणं, जोडलं जाऊन रोज तुटणं, गाणी वाजणं पण कॉल न लागणं, कॉल लागणं पण नावं न दिसणं हे वेगवेगळे बिघाड आहेत. कॉल, संगीत आणि फोनबुक यांची ब्लूटूथमधली व्यवस्था स्वतंत्र असते. नावंच दिसत नसतील, तर अनेकदा फोनवर संपर्क वाचायची परवानगी दिलेली नसते. त्यासाठी ईमेलची गरजच नाही.

कंपनीकडे पाठवण्याची मागणीही महत्त्वाची. डीलर सॉफ्टवेअर लिहीत नाही. तो यंत्रणा रीसेट करू शकतो, कंपनीने दिलेलं सॉफ्टवेअर पुन्हा टाकू शकतो. सॉफ्टवेअरमध्येच चूक असेल तर दुरुस्ती वरूनच यावी लागते. टाळाटाळ झालीच, तर ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करताना हाच ईमेल आणि जॉब कार्ड हाताशी असावं.

गाडी परत घेताना काउंटरवर सही करण्याआधी आपलाच फोन जोडून पाहा. एक कॉल लावा. मग गाडी बंद करून, लॉक करून चहा घेऊन या; चावी काढली तरी स्क्रीनमागचा संगणक लगेच पूर्ण झोपत नाही, आणि पुन्हा न जोडलं जाण्याचा दोष बऱ्याचदा तो झोपून उठल्यावरच दिसतो.