संगणक-प्रणालीचे नूतनीकरण : मधली पायरी गाळावी काय?

पेडणे वा डिचोली तालुक्यातील एखाद्या शाळेच्या संगणकावर उबुंटू २०.०४ ही प्रणाली आहे, असे समजू. तिची सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्ती २०२५ मध्ये थांबली. तेथे २४.०४ आणावयाची असल्यास प्रथम २२.०४ व नंतर २४.०४ हाच क्रम पाळावा लागतो; कारण नूतनीकरणाची व्यवस्था लगतच्या दीर्घमुदती आवृत्तीवरूनच पुढे जाण्यासाठी तपासलेली असते. अल्पमुदती आवृत्त्या मात्र गाळता येतात. पहिला टप्पा पूर्ण झाल्यावर `lsb_release -a` या आज्ञेने २२.०४ हा क्रमांक दिसल्यावरच पुढे जावे.

थेट २४.०४ हवी असल्यास ती नव्याने बसवावी लागते; त्यात विद्यार्थ्यांची गुणपत्रके पुसली जाण्याचा संभव असतो. म्हणून त्यांची प्रत आधीच अन्यत्र ठेवावी. आयफोनवर मात्र त्याला चालणारी नवीनतम आवृत्ती एकदम बसविता येते.