नोटीस काकांच्या नावाची, उत्तर काकूंचे

लिफाफा स्पीड पोस्टाने आला आणि त्यावर काकांचे नाव होते. काका जाऊन सव्वादोन वर्षे झाली होती. पोस्टमनने सही मागितली तेव्हा काकूंना वाटले पेन्शनचे काही असेल. फोडून पाहिले तर आत दोन पाने इंग्रजी आणि वर आयकर विभागाचे नाव. काकूंनी ती पाने देवघरातल्या पोथीखाली ठेवली. चार दिवसांनी जिन्यात मी भेटलो तेव्हा म्हणाल्या, "अरे, मेलेल्या माणसाला नोटीस येते का रे? आता काय आमच्याकडे धाड पडणार?"

मी करसल्ला देतो, पण शेजाऱ्यांच्या बाबतीत हात जरा आखडतोच. काकूंचे मात्र वेगळे. त्या दिवशी त्यांनी एकच अट घातली: "तू करून देऊ नकोस. मला कळेल असं सांग, मी करते." हा लेख म्हणजे त्या तीन आठवड्यांत त्यांनी जे केले त्याची हकीकत. अशी नोटीस अनेक घरांत येते आणि ती बहुधा आमच्यासारख्यांच्या टेबलावर मुदत उलटल्यावर पोहोचते.

नोटीस होती आयकर कायद्याच्या कलम 148-ए खालची. तिचा अर्थ एवढाच, की अमुक वर्षातले तुमचे काही उत्पन्न कर आकारणीतून सुटले असावे अशी माहिती आमच्याकडे आहे, तर प्रकरण पुन्हा का उघडू नये ते सांगा. ही कराची मागणी नव्हे. मागणीच्या आधीचा हा प्रश्न आहे. वर्ष होते 2022-23. माहिती दोन ओळींची होती: एका बँकेत 12,00,000 रुपयांची मुदत ठेव, त्यावर 64,110 रुपये व्याज, आणि विवरणपत्र भरलेले नाही. नोटिशीवर 6 फेब्रुवारी 2025 ही तारीख होती आणि उत्तराची मुदत 24 फेब्रुवारी.

पहिले काम, नोटीस खरी आहे का ते पाहणे. हल्ली खोट्या नोटिसा इतक्या निघतात की हे आधी करायलाच हवे. आयकर विभागाच्या पत्रावर एक लांब आकडा असतो, त्याला डिन म्हणतात. 1 ऑक्टोबर 2019 पासून मोजके अपवाद सोडले तर तो प्रत्येक पत्रावर असावा लागतो. incometax.gov.in वर लॉगिन न करताही `Authenticate Notice/Order Issued by ITD` या ठिकाणी तो तपासता येतो. काकूंनी चष्मा पुसून तो आकडा टाकला, मोबाइलवर आलेला ओटीपी घातला. नोटीस खरी निघाली. खोटी असती तर बहुतेक वेळा त्यात पैसे भरायची लिंक असते. खरीत उत्तराची तारीख आणि अधिकाऱ्याचा हुद्दा असतो.

मग आला तो जुना प्रश्न, मेलेल्या माणसाला नोटीस चालते का? कायद्याने चालत नाही. मृत व्यक्तीच्या नावाने काढलेली नोटीस टिकत नाही, असे उच्च न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2020 मध्ये हेही म्हटले, की मृत्यूची खबर विभागाला देण्याचे बंधन वारसांवर कायद्याने घातलेले नाही. हे ऐकून काकूंच्या पुतण्याने लगेच फैसला केला, "मग गप्प बसा. फाडून टाका."

तो सल्ला महागात पडला असता. उत्तर नाही आले की अधिकारी हातातल्या माहितीवर पुढे जातो. बारा लाखांची ठेव कुठून आली हे कोणी सांगितलेच नाही, तर ती 'स्रोत न सांगितलेली गुंतवणूक' ठरू शकते. तिच्यावरचा दर त्या वर्षी 60 टक्के होता, अधिभार आणि उपकर धरून 78 टक्के. बारा लाखांवर 9,36,000 रुपये. वारसाची जबाबदारी मृताने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतीच असते, हे खरे. पण काकांनी मागे ठेवले होते तेच मुळी हे बारा लाख आणि एक घर. नंतर न्यायालयात जाऊन जिंकता येते, पण तिथवर जायला वकील आणि वर्षे लागतात. शिवाय त्या वर्षाची नोटीस 31 मार्च 2027 पर्यंत काढता येते, म्हणजे चूक लक्षात आल्यावर ती वारसाच्या नावाने नव्याने येऊ शकते. म्हणून आम्ही दोन्ही करायचे ठरवले: मृत्यूची हरकत पहिल्या परिच्छेदात, आणि खाली खरा हिशेब.

उत्तर ऑनलाइनच द्यायचे असते, पण काकांच्या खात्यात काकू शिरणार कशा? काकांचे सिमकार्ड बंद पडलेले. पुतण्या म्हणाला, पासवर्ड बदलून घेऊ. मी नको म्हणालो. मृत माणसाच्या नावाने ओटीपी घालून सही करणे म्हणजे नवीच भानगड. सरळ रस्ता आहे. काकूंनी स्वतःच्या पॅनने खाते उघडले, त्यात `Authorised Partners` मध्ये `Register as Representative` निवडले आणि मृताचे वारस म्हणून अर्ज भरला. काकांचे पॅन, मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा जोडला.

इथे बहुतेक घरे अडतात. शेजारी सांगतात, कोर्टाचा वारस दाखला आणा, आणि त्यात महिने जातात. कोर्टाचा दाखला चालतोच, पण तोच एकमेव पुरावा नाही. महसूल खात्याचा हयात कुटुंबीयांचा दाखला, शासनाचे कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद, नोंदणीकृत मृत्युपत्र किंवा खात्यावर वारस वा संयुक्त धारक कोण होते हे सांगणारे बँकेचे शिक्क्याचे पत्र, यांतले एकही चालते. काका शासकीय कर्मचारी होते, त्यामुळे काकूंच्या पेन्शनचा कागद घरात होताच. अर्ज पाच दिवसांत मंजूर झाला. तोवर काकूंनी नोटिशीवरच्या ईमेल पत्त्यावर मृत्यूचा दाखला पाठवून ठेवला, म्हणजे तारीख आली तरी हात रिकामे नकोत.

खरी गंमत पुढे होती. जुन्या बिस्किटांच्या डब्यात दोन पासबुके सापडली. पोस्टाच्या पासबुकात 10 मे 2017 ला 12 लाख जमा. काका त्याच वर्षी निवृत्त झाले होते आणि भविष्य निर्वाह निधीचे पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घातले होते. योजना पाच वर्षांची. 10 मे 2022 ला ती पुरी झाली आणि त्याच दिवशी तेवढेच 12 लाख बँकेत मुदत ठेव म्हणून गेले. वर्षात दहा लाख किंवा त्याहून जास्त रुपयांची नवी मुदत ठेव झाली की बँक ते विभागाला कळवते. पैसे पोस्टातून आले हे त्या माहितीत नसते. यंत्राला ठेव दिसली, ठेवीची आई दिसली नाही.

आता व्याज. काका 14 ऑक्टोबर 2022 ला गेले. माणूस गेला की त्याच दिवशी त्याचा हिशेब थांबतो आणि पुढचे उत्पन्न त्याच्या पॅनचे राहत नाही. पण ठेवीच्या पावतीवर पहिले नाव काकांचे होते आणि बँकेला कोणी कळवलेच नव्हते, म्हणून वर्षभराचे व्याज काकांच्याच पॅनवर गेले. काकूंनी वहीत मांडले: बारा लाखांवर सहा टक्के म्हणजे दिवसाला 197 रुपये 26 पैसे. 10 मे ते 14 ऑक्टोबर 157 दिवस, 30,970 रुपये काकांचे. पुढचे 168 दिवस, 33,140 रुपये काकूंचे. बेरीज 64,110. नोटिशीतला आकडा अगदी जुळला. तो जुळल्यावर काकूंनी पेन खाली ठेवले आणि चहा टाकला.

काकांचे त्या वर्षाचे पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंत 1,58,065. पोस्टाचे एप्रिल-मेचे व्याज सुमारे 10,800. बँकेचे 30,970. सगळे मिळून दोन लाखांच्या आत. साठीपुढच्या माणसाला जुन्या करपद्धतीत तीन लाखांपर्यंत कर नव्हता, त्यामुळे विवरणपत्र भरायचे बंधनच नव्हते. काकूंच्या बाजूलाही, मृत्यूनंतरचे व्याज आणि कुटुंब निवृत्तिवेतन धरून, अडीच लाखांच्या खाली होते. कुटुंब निवृत्तिवेतन पगारात नव्हे, 'इतर स्रोतांत' धरतात, आणि त्यातून त्या वर्षी एक तृतीयांश किंवा 15,000 यांतले कमी ते वजा होत होते. त्यावर पगाराची प्रमाणित वजावट घेणे ही नेहमीची चूक.

उत्तर दीड पानाचे झाले. काकूंनी आधी मराठीत लिहिले, मी इंग्रजी करून दिले. पहिला परिच्छेद मृत्यूचा आणि दाखल्याचा. दुसरा ठेवीचा: ही रक्कम नवे उत्पन्न नसून पोस्टातली जुनी ठेव आहे, पासबुकाची पाने जोडली आहेत. तिसरा व्याजाची दिवसांनुसार विभागणी. चौथ्यात एकच वाक्य, की प्रकरण पुन्हा उघडू नये. रडगाणे नाही आणि कलमांची माळही नाही. `e-Proceedings` मध्ये ते चढवले आणि पोचपावती छापून पोथीखालीच ठेवली. मार्चच्या अखेरीस आदेश आला: नोटीस काढण्यास हे प्रकरण योग्य नाही.

एक धागा राहिला. त्या व्याजावर बँकेने 10 टक्के, म्हणजे 6,411 रुपये कर कापला होता. त्यातले 3,097 काकांच्या वाट्याचे. विवरणपत्राची मुदत संपून गेली होती, पण परताव्यासाठी उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो. 1 ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकानुसार तो आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत हवा, म्हणजे इथे 31 मार्च 2029 पर्यंत. माफी मिळाली तरी परताव्यावर व्याज मिळत नाही. काकूंच्या वाट्याचे 3,314 मात्र बँकेने दुरुस्ती केल्याशिवाय त्यांच्या पॅनवर येत नाहीत. बँकेला तसे पत्र दिले, त्याच दिवशी ठेव काकूंच्या नावावर करून घेतली, कारण पुढच्या दोन वर्षांचे व्याजही काकांच्याच पॅनवर जमत होते.

1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू आहे आणि कलमांचे आकडे बदलले आहेत. पण त्याआधीच्या वर्षांचे हिशेब जुन्याच कायद्याने होतात, तेव्हा 148-ए हा आकडा अजून काही वर्षे लिफाफ्यातून येत राहील. तुमच्या घरातले कोणी गेले असेल, तर मुदत ठेवीची पावती काढून तिच्यावर पहिले नाव कोणाचे आहे ते पाहा.