तीन वर्तुळं, आठ कप्पे

नववीच्या गणितात संच येतात आणि त्यांच्यासोबत वेन आकृती येते. तिथलं मोजणीचं सूत्र दोन संचांचं आहे. तिसरं वर्तुळ भेटतं ते पुढे, स्पर्धा परीक्षांच्या सरावात, आणि हल्ली ते बरेचदा फोटोतच भेटतं. कुणीतरी वहीच्या पानाचा मोबाइलवर तिरका फोटो काढून गटावर टाकलेला असतो, एका कोपऱ्यात हाताची सावली पडलेली असते आणि खाली विचारलेलं असतं, ‘उत्तर किती?’ अशा वेळी बेरीज फारच क्वचित चुकते. आकडा कुठल्या कप्प्यातला आहे, हे ओळखण्यातच गफलत होते.

एक उदाहरण घेऊन बसू. समजा, एका वाडीतल्या १०० घरांची पाहणी झाली. कुणाकडे गाय आहे, कुणाकडे म्हैस, कुणाकडे शेळी. चौकोनात एकमेकांवर चढलेली तीन वर्तुळं काढली आहेत आणि प्रत्येकाच्या काठाबाहेर त्याचं नाव लिहिलं आहे. आत आकडे आहेत ते असे: फक्त गाय १६, फक्त म्हैस १२, फक्त शेळी २३. दोन-दोन वर्तुळं जिथे एकमेकांवर येतात, पण तिसरं पोचत नाही, तिथे गाय-म्हैस ९, म्हैस-शेळी ४, गाय-शेळी ७. अगदी मधोमध ५. आणि वर्तुळांच्या बाहेर, चौकोनाच्या कोपऱ्यात २४. ही मोजणी घरांची आहे, जनावरांची नाही, हे आधीच ध्यानात घ्यायला हवं. गायीच्या वर्तुळात एकूण ३७ येतात म्हणजे ३७ घरी गाय आहे. गोठ्यात गायी किती, हे ही आकृती सांगतच नाही.

फोटो तिरका असला की वर्तुळं लांबट दिसतात. त्याने काही बिघडत नाही, कारण इथे आकाराला आणि क्षेत्रफळाला अर्थ नसतो. मोठ्या कप्प्यात ४ आणि चिंचोळ्या कप्प्यात २३ असू शकतात. अर्थ आहे तो फक्त रेषेच्या आत की बाहेर, याला. म्हणून प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून तीनच प्रश्न विचारावेत: हा गायीच्या वर्तुळात आहे का? म्हशीच्या? शेळीच्या? हो-नाहीची तीन उत्तरं आठच प्रकारे जुळतात, म्हणून कप्पेही आठच. दोन आकड्यांची उत्तरं तंतोतंत सारखी आली, तर त्यातला एक नक्की चुकीच्या जागी वाचला गेला आहे. बहुतेक वेळा तो मधल्या तिकोनी कप्प्याच्या काठाशी असतो, कारण तिथे तिन्ही रेषा जवळजवळ येतात आणि पेन्सिलची फिकट रेषा फोटोत विरून जाते. तशा वेळी जवळचा तुकडा बघत बसू नये. ठळक दिसणाऱ्या भागापासून रेषेवर बोट ठेवून पूर्ण वर्तुळ फिरवावं. वर्तुळ कुठून वळणार हे अंदाजाने कळतं, आणि आकडा आत की बाहेर हे त्यावरून ठरतं.

मग बेरीज. आठही कप्प्यांची बेरीज १०० यायला हवी, आणि येते. पाहणीचा एकूण आकडा दिलेला असेल तर ही पडताळणी सगळ्यात मोलाची, कारण बेरीज चुकली तरी कितीने चुकली यावरून चूक कुठे आहे याचा माग लागतो. हस्ताक्षरातला ९ पुसट फोटोत १ वाटू शकतो. तसं झालं तर बेरीज ९२ येते, बरोबर ८ ने कमी. मग १ आणि ९ यांच्याकडे आधी पुन्हा बघावं.

दुसरी चूक यापेक्षा खोल आहे आणि ती फोटोची नसून आकृती काढणाऱ्याची असते. प्रश्नात लिहिलेलं असतं, ‘१४ घरी गाय आणि म्हैस आहेत.’ या १४ मध्ये तिन्ही जनावरं असलेली ५ घरंही आलीच. आकृतीत मात्र ५ मध्यभागी वेगळे लिहायचे असल्याने त्या दोघांच्या कप्प्यात ९ च उरायला हवेत. घाईत तिथे १४, आणि तसंच ९ व १२ लिहिले जातात. आता बेरीज ११५ होते. जास्तीचे १५ हे मधल्या ५ च्या बरोबर तिप्पट आहेत, कारण मधली घरं तिन्ही जोड्यांत एकेकदा जादा मोजली गेली. जास्तीचा आकडा मध्याच्या तिप्पट आला की याच चुकीचा संशय घ्यावा. तीन संचांचं सूत्रही याच कारणाने तसं आहे. तिन्ही वर्तुळांची बेरीज ३७, ३० आणि ३९ मिळून १०६. त्यातून जोड्यांचे १४, ९, १२ म्हणजे ३५ वजा केले की ७१. पण मधली ५ घरं आधी तीनदा मोजली होती आणि आता तीनदा वजा झाली, म्हणजे मोजणीतून पार नाहीशी झाली. ती परत मिळवली की ७६. आकृतीतले सात कप्पे थेट मिळवले तरी ७६ च येतात. सगळे कप्पे स्वच्छ दिसत असतील तर सूत्राच्या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कप्प्यात काहीच लिहिलेलं नसेल तर? केंब्रिजच्या जॉन वेन यांनी १८८० मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हा आधी सगळे शक्य कप्पे काढायचे आणि जो रिकामा आहे असं माहीत असेल तो रेखांकित करून काळा करायचा, अशी त्यांची रीत होती. म्हणजे कोरा कप्पा शून्य असं त्यांनी धरलं नव्हतं. आजच्या पुस्तकांत नेमका उलटा प्रघात दिसतो: जो भाग विचारला आहे तोच रंगवतात. त्यामुळे फोटोतली गडद छटा कशासाठी आहे, की ती नुसतीच हाताची सावली आहे, हे प्रश्न वाचून ठरवावं. एकूण १०० माहीत असतील आणि एकच कप्पा कोरा असेल तर वजाबाकीने तो भरता येतो. दोन कोरे असतील तर त्यांची फक्त बेरीज कळते, वेगवेगळे आकडे नाही. तेव्हा सरळ मूळ पानाचा दुसरा फोटो मागवावा. एकूण आकडाही दिलेला नसेल तर एक कोरा कप्पाही अंदाजाने भरता येत नाही.

सगळ्यात जास्त हरवतो तो कोपऱ्यातला २४. फोटो कापताना लोक वर्तुळं जपतात, चौकोनाची कड गेली तरी त्यांना चालते. किती घरी यातलं किमान एक जनावर आहे, एवढंच विचारलं तर तो लागतही नाही. पण प्रश्नातला एखादा शब्द बदलला की तो लागतो. ‘गाय आणि म्हैस’ म्हणजे १४, ‘फक्त गाय आणि म्हैस’ म्हणजे ९, ‘गाय किंवा म्हैस’ म्हणजे ५३. ‘नेमकी दोन’ म्हणजे २०, ‘किमान दोन’ म्हणजे मधले ५ धरून २५. आणि ‘जास्तीत जास्त एक’ म्हटलं की अनेक जण फक्त १६, १२ आणि २३ मिळवून ५१ लिहितात. ज्यांच्याकडे एकही जनावर नाही ती घरंही या अटीत बसतात, म्हणून उत्तर ७५. ‘किमान दोन’चे २५ त्यात मिळवले की १०० भरतात.