पाच सेंटिमीटरचे हळकुंड, फोटोत चार

हिंगोलीच्या किंवा वसमतच्या मोंढ्यात हळदीचा ढीग लागला की खरेदीदार मूठभर हळकुंडे उचलतो, लांबी-जाडी नजरेने जोखतो, एखादे मोडून आतला रंग पाहतो. रंगाची पारख डोळ्यांकडेच राहू द्यावी. लांबी मोजायला मात्र साधा वेबकॅमेरा पुरेल असे वाटते. टेबलापासून ५० सेंटिमीटर उंचीवर तो खाली तोंड करून बसवायचा, खाली हळकुंडे पसरायची आणि फोटोतले पिक्सेल मोजायचे.

समजा, त्या कॅमेऱ्याचे फोकस अंतर ९०० पिक्सेलइतके आहे. मग टेबलावरचे पाच सेंटिमीटर म्हणजे ९० पिक्सेल. फोटोच्या मधोमध ठेवलेले पाच सेंटिमीटरचे हळकुंड तेवढेच भरते. तेच उचलून उजव्या कडेला आडवे ठेवले, की ७४ पिक्सेल भरते, म्हणजे ४.१ सेंटिमीटर. त्याच जागी उभे फिरवले तर ८५ पिक्सेल, ४.७ सेंटिमीटर. हळकुंड तेच, मापे तीन!

हा लेन्सचा दोष आहे. स्वस्त, रुंद कोनाची लेन्स मधला भाग जवळपास अचूक दाखवते, पण कडेकडे जाणारे बिंदू मध्याच्या दिशेने ओढते. त्यामुळे सरळ रेषा पिंपाच्या कडांसारख्या फुगतात. ही ओढ मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गाने वाढते. गणितात ती 1 + k1·r² अशी लिहितात. r म्हणजे मध्यापासूनचे अंतर भागिले फोकस अंतर. वरची मापे k1 = -0.2 धरून काढली आहेत. मध्याकडे रोखलेले हळकुंड त्या दिशेला काटकोनात ठेवलेल्या हळकुंडापेक्षा जास्त आखडते, म्हणून सगळ्या मापांना एकाच आकड्याने गुणून हा दोष जात नाही. प्रत्येक बिंदू त्याच्या मूळ जागी न्यावा लागतो, आणि त्यासाठी k1 माहीत हवा.

तो शोधण्याची एक जुनी युक्ती गवंड्याला लगेच पटेल. अमेरिकन छायामापनतज्ज्ञ डुएन ब्राऊन यांनी १९७१ मध्ये ओळंब्याच्या दोऱ्यांचे फोटो काढून लेन्सची विकृती मोजण्याची रीत मांडली. टांगलेला दोरा सरळच असतो. फोटोत तो वाकला, तर वाक लेन्सचा.

आज दोऱ्यांच्या जागी बुद्धिबळाच्या पटासारखा काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा कागद असतो. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधील झेंग्यू झांग यांनी १९९८ मध्ये ही पद्धत मांडली. त्याआधी काटकोनात जोडलेल्या, अचूक घडवलेल्या पृष्ठांचा महागडा साचा लागे. आता प्रिंटरवर छापलेला कागद काचेवर सपाट चिकटवला की झाले. आडवे दहा आणि उभे सात चौकोन असतील, तर आत ५४ कोपरे मिळतात. चार चौकोन जिथे भिडतात तो बिंदू संगणक पिक्सेलच्या छोट्या अंशापर्यंत हेरतो.

पट हातात धरून पंधरा-वीस फोटो काढायचे. यात दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे पट दर वेळी कॅमेऱ्याला समोरासमोर धरणे. जवळ धरलेला पट आणि कमी फोकस, दूर धरलेला पट आणि जास्त फोकस, या दोन्हींचे चित्र मग सारखेच दिसते आणि संगणकाला फरक कळत नाही. पट तिरपा धरला, की जवळचे चौकोन मोठे, लांबचे लहान दिसतात आणि हा गुंता सुटतो.

दुसरी चूक जास्त फसवी. संगणक फोकस अंतर, k1 आणि दर फोटोतली पटाची जागा अंदाजाने धरतो, कोपरे कुठे पडायला हवेत ते काढतो, प्रत्यक्षाशी ताडतो आणि फरक कमीत कमी होईपर्यंत अंदाज सुधारतो. उरलेला सरासरी फरक अर्ध्या पिक्सेलच्या आत आला की माणूस खूश होतो. पण पट सगळ्या फोटोंत मधेच धरला असेल, तरीही हा आकडा सुरेख येतो, कारण विकृती जिथे जास्त आहे त्या कडा तपासल्याच गेलेल्या नसतात. म्हणून पट चारही कोपऱ्यांपर्यंत न्यावा. नंतर स्टीलची पट्टी कडेला ठेवून एक वेगळा फोटो काढावा. दुरुस्त केलेल्या फोटोत ती सरळ दिसली आणि तिच्यावरचे पाच सेंटिमीटर कडेलाही ९० पिक्सेलच भरले, तर काम जमले.

चौकोनाची बाजूही पट्टीने मोजून घ्यावी. प्रिंटर कागदात बसवण्यासाठी चित्र गुपचूप लहान करतो. त्याने k1 बिघडत नाही, पण पटावरून काढलेली अंतरे सगळी त्याच प्रमाणात चुकतात. ऑटोफोकस बंद ठेवावा, कारण फोकस हलला की आधीचे आकडे त्या लेन्सला तंतोतंत लागू राहत नाहीत.

एवढे करूनही एका कॅमेऱ्याला खोली कळत नाही. दोन सेंटिमीटर जाड हळकुंडाची बाह्यरेषा टेबलापासून साधारण एक सेंटिमीटर वर असते, म्हणजे कॅमेऱ्यापासून ५० नव्हे, ४९ सेंटिमीटरवर. पाच सेंटिमीटरचे हळकुंड मग ५.१ भरते. म्हणून मापाची पातळी ठरवताना पट टेबलावर न टेकवता खाली एक सेंटिमीटर जाडीची फळी सरकवावी.