दहा अधिक दहा, एकोणीस

दसरा-दिवाळीच्या सुमारास कापडदुकानांच्या काचेवर एक पाटी हमखास दिसते: ‘१०% + १०% सूट’. पहिले दहा टक्के दुकानाचे असतात आणि सगळ्यांना मिळतात. दुसऱ्या दहा टक्क्यांना काही ना काही अट असते. अमुक बँकेचे कार्ड हवे, दुकानाचे सभासदत्व हवे किंवा ठरावीक रकमेच्या वर खरेदी हवी. पाटी वाचणारा मनातल्या मनात ‘म्हणजे वीस टक्के’ असे म्हणतो आणि आत शिरतो. बाहेर पडताना त्याच्या बिलातून एकोणीसच टक्के कमी झालेले असतात.

यात फसवणूक नाही आणि बिल करणाऱ्याची चूकही नाही. हा एक टक्का जातो कुठे, ते एकदा रुपयांत मांडून पाहिले की पुढे कधीच गोंधळ होत नाही.

समजा, साडीची छापील किंमत ४००० रुपये आहे. दुकानाची दहा टक्के सूट म्हणजे ४०० रुपये. उरले ३६००. आता कार्डावरची दहा टक्के सूट. ती मोजायला घेतली तेव्हा समोर ४००० रुपये नाहीतच, ३६०० आहेत. त्यांचे दहा टक्के ३६० होतात. ते वजा केले की ३२४० रुपये द्यायचे. सरळ वीस टक्के सूट असती तर ८०० रुपये कमी होऊन ३२०० द्यावे लागले असते. आपण ४० रुपये जास्त दिले, आणि ४० रुपये म्हणजे ४००० चा बरोबर एक टक्का.

सगळी मेख त्या ३६० च्या आकड्यात आहे. टक्का ही स्वतंत्र रक्कम नसते. तो नेहमी कशाचा तरी टक्का असतो, आणि ते ‘कशाचा’ बदलले की दहा टक्क्यांचे रुपयेही बदलतात. पहिल्या वेळी ते ‘कशाचा’ म्हणजे छापील किंमत होती, दुसऱ्या वेळी उरलेली रक्कम. दोन वेगवेगळ्या रकमांचे टक्के बेरजेच्या चिन्हाने जोडले, म्हणून डोळा फसला. रुपयांची बेरीज केली असती तर ४०० अधिक ३६०, म्हणजे ७६० हेच उत्तर आले असते, आणि ४००० मधले ७६० म्हणजे एकोणीस टक्के.

हेच डोळ्यांपुढे आणायचे असेल तर वड्या थापलेले चौकोनी ताट घ्या. आडव्या दहा ओळी, उभ्या दहा ओळी, एकूण १०० वड्या. एक आडवी ओळ उचलली, दहा वड्या गेल्या. आता एक उभी ओळ उचला. तिच्यात दहा वड्या असायला हव्या होत्या, पण कोपऱ्यातली वडी आधीच आडव्या ओळीबरोबर गेलेली आहे. हाती नऊच येतात. ताटात उरतात ८१, म्हणजे नऊ नवे एक्क्याऐंशी. कोपऱ्यातली ती वडी दोन्ही ओळींत मोजली जाते, उचलता मात्र एकदाच येते. बिलातून गळालेला एक टक्का म्हणजे ती वडी.

याच ताटातून तोंडी हिशेबाची सोपी रीत निघते. दोन्ही सुटींची बेरीज करायची आणि त्यांच्या गुणाकाराला १०० ने भागून येणारा आकडा तिच्यातून वजा करायचा. दहा आणि दहा: बेरीज वीस, गुणाकार १००, त्याला १०० ने भागले की एक, म्हणून एकोणीस. वीस आणि दहा: तीस वजा दोन, म्हणजे अठ्ठावीस. पाटीवर ‘५०% + २०%’ असेल तर सत्तर वजा दहा, म्हणजे साठ. सूट जितकी मोठी तितका हा कोपरा मोठा होतो. ‘५०% + ५०%’ या पाटीवर तर बेरीज शंभर टक्के येते. ती खरी मानली तर माल फुकट मिळायला हवा. प्रत्यक्षात १५०० रुपयांचा शर्ट आधी ७५० ला येतो आणि मग ३७५ ला. सूट पंचाहत्तर टक्केच. दहा-दहाच्या पाटीत एक टक्का सहज नजरेआड होतो, इथे पंचवीस टक्क्यांचा फरक पडतो.

आधी कोणती सूट लावली हे महत्त्वाचे आहे का, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. दोन्ही सुटी टक्क्यांत असतील तर नाही. ४००० वर आधी वीस टक्के कापले तर ३२००, मग दहा टक्के कापले तर २८८०. उलट केले तर आधी ३६००, मग वीस टक्क्यांचे ७२० वजा करून पुन्हा २८८०. एका वेळी ०.८ ने आणि एका वेळी ०.९ ने गुणले, एवढेच घडले आणि गुणाकाराला क्रमाचे बंधन नाही.

एक सूट टक्क्यांत आणि दुसरी ठोक रुपयांत असेल तेव्हा मात्र क्रमाने फरक पडतो, आणि ऑनलाइन खरेदीत हा प्रसंग वारंवार येतो. तुमच्याकडे ५०० रुपयांचे कूपन आहे आणि शिवाय दहा टक्के सूट आहे. टक्के आधी लावले तर ४००० चे ३६०० होतात आणि कूपन वजा जाऊन ३१०० उरतात. कूपन आधी वजा झाले तर उरलेल्या ३५०० वर दहा टक्के सूट ३५० रुपयेच मिळते आणि ३१५० द्यावे लागतात. टक्के आधी, रुपये नंतर, हा क्रम ग्राहकाच्या फायद्याचा. फरक ५० रुपयांचा, म्हणजे कूपनाच्या रकमेच्या बरोबर दहा टक्के. हा क्रम बहुतेक वेळा ग्राहकाच्या हातात नसतो. बँकेची सूट सहसा कूपन वजा जाऊन देय राहिलेल्या रकमेवर लागते.

बँकेच्या सुटीला आणखी एक मर्यादा असते, आणि ती बारीक अक्षरांत लिहिलेली असते: ‘कमाल सूट अमुक रुपये’. ही मर्यादा ३०० रुपयांची असेल तर आपल्या साडीवर ३६० ऐवजी ३०० च सुटतात. द्यायचे ३३००. एकूण सूट ७००, म्हणजे साडेसतरा टक्के. वीस टक्क्यांची अपेक्षा धरून गेलेला ग्राहक आधी एकोणीसवर आला आणि आता साडेसतरावर. माझ्या मते खरी काळजी घ्यायची ती इथे, कारण गणिताने जाणारा एक टक्का ठरलेला असतो. या अटीने जाणारी रक्कम मात्र खरेदी वाढेल तशी वाढत जाते.

मग दुकानदार सरळ ‘१९% सूट’ असे का लिहीत नाही? एक कारण अगदी व्यवहारातले आहे. दोन सुटींचे देणारे वेगळे असतात आणि दुसरी सूट प्रत्येकाला लागू नसते. ज्याच्याकडे ते कार्ड नाही त्याला दहाच टक्के मिळणार. घाऊक बाजारातही हीच पद्धत आहे. व्यापाऱ्याला आधी व्यापारी सूट मिळते आणि त्याने बिल वेळेत चुकते केले तर उरलेल्या रकमेवर रोख सूट मिळते. तिथे दोन्ही बाजूंना माहीत असते की दुसरी टक्केवारी बिलाच्या रकमेवर आहे, म्हणून कोणाचा गैरसमज होत नाही.

किरकोळ ग्राहकाचे तसे नसते. हायपेंग चेन आणि अक्षय राव या मार्केटिंगच्या दोन अभ्यासकांनी २००७ मध्ये नेमक्या याच विषयावर संशोधन प्रसिद्ध केले. एकापाठोपाठ येणारे टक्के समोर आले की लोक त्यांची सरळ बेरीज करतात, असे त्यांना आढळले. त्यामुळे तुकड्यांत दिलेली सूट तेवढ्याच एकरकमी सुटीपेक्षा मोठी भासते. हे दुकानदारांना अनुभवाने ठाऊक असतेच. अधिकचे चिन्ह पाटीवर येते त्यामागे हे दुसरे कारण.

वाढीच्या बाबतीत हाच कोपरा उलट्या बाजूने बोचतो. अकरा महिन्यांच्या भाडेकरारात नूतनीकरणाच्या वेळी दहा टक्के वाढ, ही अट शहरात भाड्याने राहणाऱ्यांच्या ओळखीची आहे. २०,००० रुपये भाडे पहिल्या नूतनीकरणाला २२,००० होते. दुसऱ्या वेळी दहा टक्के २२,००० वर लागतात, म्हणजे २२०० रुपये, आणि भाडे २४,२०० वर जाते. दोन वेळच्या वाढीत वीस नव्हे, एकवीस टक्के वाढले. कपातीत ग्राहकाला एक टक्का कमी मिळाला, वाढीत एक टक्का जास्त द्यावा लागला. दोन्हीकडे नुकसान खिशाचेच.

एकदा वाढ आणि एकदा कपात झाली तर? ४००० च्या वस्तूवर दहा टक्के चढवले की ४४०० होतात, मग दहा टक्के सूट दिली की ३९६०. किंमत मूळ जागी परत येत नाही, एक टक्का खाली राहते. त्याचप्रमाणे दहा टक्के उतरवलेली ३६०० ची किंमत पुन्हा ४००० करायला दहा टक्के पुरत नाहीत, अकरा टक्क्यांहून थोडे जास्त चढवावे लागतात. कारण तेच: चढताना आणि उतरताना आपण वेगवेगळ्या रकमांचे टक्के काढतो.

हे सगळे आपण शाळेत शिकलेलो असतो. महाराष्ट्रातल्या आठवीच्या गणितात ‘सूट व कमिशन’ आणि ‘चक्रवाढ व्याज’ अशी दोन वेगळी प्रकरणे आहेत. व्याजावर व्याज चढते हे मुलांना पाठ असते, पण सुटीवर सूट लागते तेव्हा तेच गणित उलट्या दिशेने चालते, हे त्यांना सहसा जोडून सांगितले जात नाही. शिक्षकांनी दिवाळीच्या सुटीनंतर एखादे खरे बिल वर्गात नेऊन फळ्यावर मांडावे. दोन्ही प्रकरणे एका तासात जुळतील.

ग्राहकाने बिलातली दुसऱ्या सुटीची ओळ तेवढी पाहावी. ४००० च्या साडीवर तिथे ३६० लिहिलेले असेल तर सूट एकोणीस टक्के. ४०० असेल तर दुकानाने दोन्ही वेळा छापील किमतीवर हिशेब केला आहे आणि खरोखर वीस टक्के दिले आहेत. काही दुकाने असे करतात. ३०० असेल तर कमाल मर्यादा आडवी आली आहे. पैसे देण्याआधी काउंटरवर विचारायला संकोच नको: दुसरी सूट कोणत्या रकमेवर धरता, आणि जास्तीत जास्त किती रुपये? आणि दुकानदारांनी पाटीवर टक्क्यांच्या खाली एक ओळ वाढवावी: ‘४००० ची साडी ३२४० रुपयांना’.