जुना फ्रीझर विकला : नफा की तोटा?

ताईंनो, समजा अर्नाळ्याच्या एका गटाने मासळी ठेवायला ४०,००० रुपयांचा डीप फ्रीझर घेतला आणि चार वर्षांनी १९,००० ला विकला. बैठकीत कुणीतरी म्हणेलच, "अगं बाई, २१,००० चा तोटा झाला की!" पण हिशोब तसा नाही.

वस्तू वापरून झिजते. ही झीज, म्हणजेच घसारा, गटाने दरवर्षी ६,००० रुपये खर्चात धरली होती. चार वर्षांचे झाले २४,०००. ते ४०,००० मधून वजा केले की उरतात १६,०००. ही झाली पुस्तकी किंमत. विक्रीची रक्कम हिच्याशीच ताडून बघायची. १९,००० आले, म्हणजे ३,००० नफा. १४,००० च आले असते, तर २,००० तोटा.

नफा-तोटा पत्रकात फक्त हे ३,००० लिहा आणि फ्रीझर ताळेबंदातून काढा. सगळे १९,००० उत्पन्न धरले, तर १६,००० चा खोटा नफा दिसतो आणि तोच वाटला गेला की गटाचं भांडवल कमी होतं.

घसारा कधी लिहिलाच नसेल, तर पुस्तकी किंमत ४०,००० च राहते. मग २१,००० चा तोटा खरंच एकाच वर्षी अंगावर येतो.